सर्वेक्षणानंतरचा आभाराचा निरोप: काय दिसलं आणि काय बदलणार हे कसं कळवायचं

सर्वेक्षण संपतं, उत्तरं येतात आणि मग सगळ्यांना आभार कळवायचे असतात. बहुतेक ठिकाणी हे काम ठरावीक पद्धतीने उरकलं जातं. आधी ‘आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार’, मग अहवालातून उचललेले चार आलेख आणि शेवटी ‘आपल्या सूचनांचा नक्कीच विचार केला जाईल’. पुढच्या वेळी सर्वेक्षणाची लिंक आली की हीच माणसं ती न उघडता पुसून टाकतात.

यात भाषा चुकत नाही, क्रम चुकतो. काय बदलणार हे ठरण्याआधीच लोक निरोप लिहायला बसतात, म्हणून ती जागा ‘विचार केला जाईल’ने भरावी लागते. खाली जो क्रम दिला आहे त्यात प्रत्यक्ष लिहिणं पाचव्या टप्प्यावर येतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. एका वाचनालयाचे १,२०० सभासद आहेत. सगळ्यांना ईमेलने सर्वेक्षण पाठवलं आणि ३१२ जणांनी ते पूर्ण भरलं. प्रश्न होते वाचनालयाच्या वेळेबद्दल, पुस्तक ऑनलाइन राखून ठेवण्याच्या सोयीबद्दल आणि वाचनकक्षाबद्दल. शेवटी ‘आणखी काही सांगायचंय?’ अशी मोकळी जागा होती.

## टप्पा १: सर्वेक्षणाचं निमंत्रण पुन्हा वाचा

सर्वेक्षण पाठवताना लोकांना काय सांगितलं होतं, ते शब्दशः समोर ठेवा. आठवणीवर विसंबू नका. त्यात दोन गोष्टी शोधायच्या: उत्तरं कोण पाहणार असं म्हटलं होतं, आणि निष्कर्ष कधी कळवू असं म्हटलं होतं.

पहिल्या गोष्टीत बरेच जण घसरतात. ‘निनावी’ म्हणजे कोणतं उत्तर कुणाचं हे आपल्यालाही कळू शकत नाही. ‘गोपनीय’ म्हणजे आपल्याला कळतं, पण आपण ते बाहेर सांगणार नाही. प्रत्येक सभासदाला वेगळी लिंक गेली असेल आणि न भरलेल्यांनाच आठवणीचा ईमेल गेला असेल, तर कुणी भरलं आणि कुणी नाही याची नोंद तुमच्याकडे आहे. निमंत्रणात ‘निनावी’ म्हणून मग आभार फक्त भरलेल्या ३१२ जणांना पाठवलेत, तर हुशार वाचक लगेच विचारेल, ‘मी भरलं हे यांना कसं कळलं?’ त्याचा प्रश्न रास्त आहे.

यातून बाहेर पडायला दोन वाटा आहेत. निरोप निमंत्रण गेलेल्या सगळ्यांना पाठवा, म्हणजे कुणालाच वेगळं काढलं जात नाही. किंवा, तुमच्या साधनात ‘कुणी भरलं’ ही यादी उत्तरांपासून खरोखर वेगळी राहत असेल, तर ते एका वाक्यात सरळ सांगा. पहिली वाट मला बरी वाटते. तिचं आणखी एक कारण सहाव्या टप्प्यात येईल.

तपासा: निमंत्रणात कळवण्याची तारीख दिली होती का? ती उलटून गेली असेल तर निरोपात उशीर मान्य करायचा आहे, हे आत्ताच टिपून ठेवा.

## टप्पा २: निर्णय आधी, लेखन नंतर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. निष्कर्षांची यादी घ्या आणि प्रत्येकापुढे एक प्रश्न लिहा: याबाबत ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे? आपल्या वाचनालयात वेळ बदलणं कार्यकारी समितीच्या हातात आहे, ऑनलाइन फॉर्म दुरुस्त करणं संगणक पाहणाऱ्या व्यक्तीच्या, आणि वाचनकक्षाचे नियम ग्रंथपालांच्या. या तिघांना एकत्र बसवा आणि प्रत्येक निष्कर्ष पुढच्या चारपैकी एका कप्प्यात टाका:

1. होणार
2. ठरावीक काळ करून पाहणार
3. अजून ठरलेलं नाही
4. होणार नाही

पाचवा कप्पा नाही. बैठकीत ‘सकारात्मक विचार करू’ असं कुणी म्हणालं तर ते तिसऱ्या कप्प्यात जातं आणि ‘कधीपर्यंत ठरेल’ ही तारीख मागायची. तारीख मिळत नसेल तर ते चौथ्या कप्प्यात टाका. ऐकायला कठोर वाटतं, पण ज्या गोष्टीचा निर्णय कधी होईल हेही सांगता येत नाही, ती वाचणाऱ्याच्या दृष्टीने होणार नाहीच.

पहिल्या दोन कप्प्यांतल्या प्रत्येक गोष्टीसाठी चार तपशील हवेत: नेमकं काय, कधीपासून, कुणाच्या जबाबदारीवर, आणि त्यात काय येत नाही. चौथा तपशील लोक विसरतात आणि पुढे भांडणं त्यावरूनच होतात. ‘वाचनालय संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं राहील’ हे वाचून सभासद रोज उशिरा येऊ लागतात. ठरलेलं असतं आठवड्यातून दोनच दिवस, आणि त्या वाढीव वेळात पुस्तकांची देवघेव बंद, फक्त वाचनकक्ष चालू. हे आधी सांगितलं नाही तर चांगला निर्णयही फसवणुकीसारखा वाटतो.

आपल्या वाचनालयाचं या बैठकीत ठरलं ते असं:

- वेळ: मंगळवारी आणि गुरुवारी ७ऐवजी ९ वाजेपर्यंत, तीन महिने करून पाहायचं.
- ऑनलाइन राखीव फॉर्म: दर वेळी सभासद क्रमांक टाकावा लागतो, ती अट काढायची. हे नक्की होणार.
- वाचनकक्षात बोलायला परवानगी: अजून ठरलेलं नाही, दोन महिन्यांत ठरवायचं.
- रविवारी उघडं ठेवणं: यंदा नाही, कारण आठवड्याची सुटी देऊन सातही दिवस चालवण्याएवढी माणसं नाहीत.

यानंतर प्रत्येक बदलाला आणखी एक प्रश्न विचारा: सर्वेक्षण झालं नसतं तरी हे झालं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर ‘तुमच्या उत्तरांमुळे’ हे शब्द वापरू नका. समजा उजेड कमी असल्याची तक्रार अनेकांनी केली, पण नव्या दिव्यांची मागणी सर्वेक्षणाआधीच नोंदवलेली होती. ‘तुम्ही सांगितलंत आणि आम्ही दिवे बदलले’ असं लिहिण्याचा मोह होतो. मागणीचा कागद पाहिलेल्या एका कर्मचाऱ्याने हे वाचलं की तुमच्या बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो. त्याऐवजी लिहा: ‘दिवे बदलण्याचं आधीच ठरलं होतं. सुरुवात मागच्या ओळीपासून करायची, हे तुमच्या उत्तरांवरून ठरलं.’ श्रेय कमी झालं, पण वाक्य खरं झालं.

सावधान: निर्णयांना वेळ लागणार असेल तर मोठा निरोप अडवून ठेवा, पण गप्प राहू नका. सर्वेक्षण बंद झाल्यावर आठवड्याभरात तीन ओळींचा निरोप पाठवा: किती उत्तरं आली, आभार, आणि ‘निष्कर्ष व निर्णय अमुक तारखेपर्यंत कळवू’. त्यात एकही निष्कर्ष टाकू नका. अर्धवट आकडे एकदा बाहेर गेले की नंतर दुरुस्त करणं फार जड जातं.

## टप्पा ३: आकडे निवडा आणि त्यांचा पाया तपासा

अहवालात पंचवीस आकडे असतील. निरोपात तीन-चार पुरेत, आणि निवडीची कसोटी एकच: या आकड्यावरून काही ठरलं का, किंवा नाही ठरलं तर का नाही, हे सांगता येतं का? जो आकडा नुसता ‘रंजक’ आहे तो अहवालात राहू द्या. अहवालाची लिंक शेवटी देता येते.

आता पाया. टक्केवारी कशाची, हे प्रत्येक आकड्यापुढे लिहून पाहा. आपल्या उदाहरणात ‘ऑनलाइन पुस्तक राखून ठेवणं अवघड वाटतं’ असं ९१ जण म्हणाले. पण हा प्रश्न ती सोय वापरलेल्या १४० जणांनाच दिसला होता. १४० पैकी ९१ म्हणजे ६५ टक्के. हेच ३१२ ने भागलं तर २९ टक्के. दोन्ही भागाकार बरोबर आहेत, पण २९ टक्के लिहिलं तर अडचण किरकोळ वाटते आणि नुसतं ‘६५ टक्के सभासदांना’ लिहिलं तर ते सरळ खोटं होतं. बरोबर वाक्य असं: ‘ज्या १४० जणांनी ही सोय वापरली, त्यांपैकी ९१ जणांना ती अवघड वाटली.’ संख्या लहान असली की टक्क्यांपेक्षा माणसं मोजलेली बरी.

दुसरी चूक ‘सभासद’ या शब्दातच दडलेली असते. संध्याकाळची वेळ वाढवावी असं १८७ जण म्हणाले. ३१२ पैकी १८७ म्हणजे ६० टक्के. पण हे उत्तर दिलेल्यांपैकी ६० टक्के आहेत, सभासदांपैकी नाहीत. उरलेले ८८८ जण काय म्हणतात हे आपल्याला माहीत नाही, आणि ते उत्तर दिलेल्यांसारखेच असतील असं धरून चालता येत नाही. उलट, वेळ सोयीची नाही म्हणून ज्यांनी येणंच सोडलं त्यांनी सर्वेक्षणही भरलं नसण्याची शक्यता मोठी. म्हणून ‘उत्तर दिलेल्या दर दहा जणांपैकी सहा जण’ असं लिहायचं.

याच कारणाने ‘अधिक-उणे इतके टक्के त्रुटी’ अशी ओळ इथे टाकू नका. ते गणित यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या नमुन्यासाठी असतं. इथे ज्यांना वाटलं त्यांनी भरलं. त्रुटीचा आकडा दिल्याने निष्कर्ष शास्त्रीय दिसतो, अचूक होत नाही.

तिसरी जागा म्हणजे विभागलेलं मत. वाचनकक्षात पूर्ण शांतता हवी असं १३४ जण म्हणाले, हळू आवाजात बोलायची मुभा हवी असं १२८ जण, आणि ५० जणांना फरक पडत नाही. सहा माणसांच्या फरकावर ‘बहुसंख्यांना शांतता हवी’ असं लिहिणारे निघतात. ते चूकच आहे, कारण १३४ हे ३१२ च्या निम्मेही नाहीत. इथे निष्कर्ष ‘मतं जवळजवळ समान विभागली आहेत’ हाच आहे, आणि म्हणून निर्णय तिसऱ्या कप्प्यात आहे. हे दोन्ही सांगायला लाजू नका.

शेवटी मोकळ्या जागेतली उत्तरं. रविवारी वाचनालय उघडं ठेवा असं ७४ जणांनी आपणहून लिहिलं. याची टक्केवारी काढू नका. बाकीच्यांना हा प्रश्न विचारलाच नव्हता, त्यामुळे ‘२४ टक्क्यांना रविवार हवा’ म्हणजे ‘७६ टक्क्यांना नको’ असा अर्थ निघतो आणि तो निराधार आहे. ‘७४ जणांनी आपणहून लिहिलं’ एवढंच म्हणा. न विचारता इतक्या जणांनी लिहिणं, याचं वजन वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

तपासा: निरोपातला प्रत्येक आकडा मूळ तक्त्यातून पुन्हा काढा, आणि तो ज्याने आधी काढला त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी काढू द्या.

## टप्पा ४: कुणाची ओळख उघडी पडत नाही ना?

नाव छापलं नाही म्हणजे ओळख लपली, हा भ्रम आहे. ओळख तीन वाटांनी फुटते.

लहान गट. चाकांची खुर्ची वापरणाऱ्या चार जणांनी सर्वेक्षण भरलं आणि चौघांनीही ‘प्रवेश गैरसोयीचा’ असं उत्तर दिलं. ‘चाकांची खुर्ची वापरणाऱ्या १०० टक्के सभासदांना’ असं लिहिलं की त्या चौघांपैकी प्रत्येकाचं उत्तर सगळ्यांना कळलं. गटातल्या सगळ्यांचं उत्तर एकच असेल तर नावाची गरजच उरत नाही. म्हणून किमान संख्या आधीच ठरवा. अनेक ठिकाणी पाच किंवा दहा धरतात. त्याहून लहान गटाचा आकडा स्वतंत्र द्यायचा नाही. ही मर्यादा निकाल पाहण्याआधी ठरवली तर सोयीप्रमाणे वाकवली जात नाही.

वजाबाकी. वयोगटाचा एक आकडा लपवला, पण एकूण बेरीज आणि बाकीच्या गटांचे आकडे दिले, तर लपवलेला आकडा कुणीही वजाबाकी करून काढेल. एक लपवायचा असेल तर सोबत आणखी एक लपवा, किंवा दोन गट एकत्र करून दाखवा. दुसरा उपाय वाचायला सोपा जातो.

जशीच्या तशी वाक्यं. निरोप जिवंत व्हावा म्हणून लोकांची वाक्यं अवतरणात टाकण्याची हौस सगळ्यांना असते. ‘मी रोज सकाळी दार उघडताच येऊन खिडकीजवळच्या टेबलावर परीक्षेचा अभ्यास करतो, तिथे दुपारी ऊन येतं.’ हे वाक्य वाचून अर्धं वाचनालय त्या मुलाला ओळखेल. निमंत्रणात उत्तरं जशीच्या तशी छापण्याची परवानगी घेतली नसेल तर अवतरण टाकूच नका. घेतली असली तरी वेळ, जागा, सवय, विशिष्ट शब्द हे सगळं काढून आशय आपल्या शब्दांत लिहा: ‘खिडकीकडच्या टेबलांवर दुपारी ऊन येतं, असं काही जणांनी लिहिलं.’ मात्र ‘काही जण’ म्हणताना ते खरोखर एकाहून जास्त असले पाहिजेत. आणि कर्मचाऱ्यांबद्दलचे शेरे, चांगले असोत की वाईट, निरोपात येता कामा नयेत.

यातला अवघड भाग म्हणजे लहान गटाच्या तक्रारीवरून झालेला खरा बदल. त्या चौघांमुळे प्रवेशाच्या उतारावरचं वळण रुंद करायचं ठरलं, तर ते कसं सांगायचं? बदल सांगा, गटाचा आकडा सांगू नका: ‘प्रवेशाच्या उताराचं वळण रुंद करणार आहोत.’ उतार सगळ्यांना दिसतोच. कुणी काय उत्तर दिलं ते मात्र दिसत नाही.

## टप्पा ५: आता लिहा

रचना सोपी आहे. निष्कर्ष आणि त्यावरचा निर्णय नेहमी एकाच परिच्छेदात, लागूनच ठेवा. आधी सगळे निष्कर्ष आणि मग सगळे बदल अशी मांडणी केली तर कशातून काय निघालं हे वाचणाऱ्याला स्वतः जुळवावं लागतं, आणि तो ते करत नाही. क्रम असा: एका वाक्यात आभार, होणारे बदल, न होणारे बदल कारणासह, न ठरलेलं तारखेसह, उत्तरांची मर्यादा, आणि प्रश्न कुणाला विचारायचे. लांबी दोनशे ते तीनशे शब्द. फोनवर दोन-तीन वेळा सरकवून संपला पाहिजे.

विषयाच्या ओळीत ‘आभार’ हा शब्द एकटा नको. तो पाहून लोक समजतात की आत काही नाही. ठरलेली सगळ्यात मोठी गोष्ट तिथेच सांगा.

> विषय: मंगळवारी-गुरुवारी वाचनकक्ष ९ पर्यंत: सर्वेक्षणानंतर काय ठरलं
>
> नमस्कार,
>
> वाचनालयाच्या सर्वेक्षणाला ३१२ सभासदांनी उत्तरे दिली. वेळ काढून उत्तरे दिलेल्या सर्वांचे आभार. त्यातून काय दिसले आणि आम्ही काय करणार आहोत, ते असे:
>
> संध्याकाळची वेळ. उत्तर दिलेल्या दर दहा जणांपैकी सहा जणांनी वेळ वाढवा असे सांगितले. १ जुलै ते ३० सप्टेंबर दर मंगळवारी व गुरुवारी वाचनकक्ष रात्री ९ पर्यंत उघडा राहील. ७ नंतर पुस्तकांची देवघेव होणार नाही. किती जण येतात ते पाहून पुढचा निर्णय १५ ऑक्टोबरपर्यंत कळवू.
>
> ऑनलाइन पुस्तक राखून ठेवणे. ही सोय वापरलेल्या १४० जणांपैकी ९१ जणांना ती अवघड वाटली. सर्वाधिक त्रास दर वेळी सभासद क्रमांक टाकण्याचा होता. १५ जुलैपासून क्रमांक एकदाच टाकावा लागेल.
>
> प्रवेश. उताराचे वळण रुंद करणार आहोत. काम ऑगस्टअखेर पूर्ण होईल.
>
> रविवार. ७४ जणांनी आपणहून रविवारची मागणी लिहिली. यंदा ते शक्य नाही. कर्मचाऱ्यांना आठवड्याची सुटी देऊन सातही दिवस चालवण्याएवढी माणसे आमच्याकडे नाहीत.
>
> वाचनकक्षातील शांतता. पूर्ण शांतता हवी असे १३४ जणांनी आणि हळू बोलण्याची मुभा हवी असे १२८ जणांनी सांगितले. मते जवळजवळ समान असल्याने आम्ही अजून निर्णय घेतलेला नाही. तो ३१ ऑगस्टपर्यंत कळवू. तोवर सध्याचे नियम चालू राहतील.
>
> सर्वेक्षण फक्त ईमेलने गेले होते आणि १,२०० पैकी ३१२ सभासदांनी ते भरले. त्यामुळे ही सर्व सभासदांची मते आहेत असे आम्ही धरलेले नाही. तुमचे मत यात आलेले नसेल तर या ईमेलला उत्तर देऊन कळवा.
>
> ग्रंथपाल

यात काही गोष्टी मुद्दाम अशा ठेवल्या आहेत. रविवारच्या परिच्छेदात ‘दुर्दैवाने’, ‘खेद वाटतो’, ‘भविष्यात नक्की’ यांतलं काही नाही. नकार द्यायचा तर एकाच वाक्यात द्यावा आणि लगेच पुढच्या वाक्यात कारण सांगावं. त्याभोवती गोड शब्द घातले की वाचणारा त्यात होकार शोधत बसतो. नकाराचं कारणही खरं हवं. माणसं नाहीत हे खरं असेल तर ‘तांत्रिक अडचणी’ लिहू नका. ‘यंदा’ हा शब्दही विचार करून घातला आहे. पुढच्या वर्षी हा विषय खरोखर पुन्हा पाहणार असाल तरच तो वापरा, नाहीतर काढा.

संध्याकाळच्या परिच्छेदात ‘करून पाहणार’ला शेवटची तारीख आहे, आणि कशावरून ठरवणार तेही आहे. ते नसेल तर सप्टेंबर संपल्यावर वेळ बंद होताच लोक म्हणतील, ‘दिलेलं काढून घेतलं.’

खूण: लिहून झाल्यावर ‘प्रयत्न’, ‘विचार’, ‘भर’, ‘लवकरच’, ‘सकारात्मक’ हे शब्द मसुद्यात शोधा. जिथे सापडतील तिथे निर्णय झालेला नाही. वाक्य घासत बसण्यापेक्षा दुसऱ्या टप्प्यावर परत जा.

## टप्पा ६: पाठवण्याआधी आणि पाठवताना

निरोप सभासदांना जाण्याआधी ज्यांच्या कामावर त्याचा परिणाम होतो त्यांना कळला पाहिजे. संध्याकाळी ९ पर्यंत थांबणाऱ्या कर्मचाऱ्याला हे सभासदाच्या तोंडून कळलं, तर पहिल्याच मंगळवारी काउंटरवरून ‘आम्हाला कुणी सांगितलं नाही’ असं उत्तर मिळेल. एक दिवस आधी त्यांना हाच मजकूर द्या आणि त्यातल्या तारखा त्यांना जमतात का ते विचारा. पुष्कळदा चुकीची तारीख इथेच पकडली जाते.

पाठवायचा कुणाला? निमंत्रण गेलेल्या सगळ्यांना. बदल सगळ्यांना लागू होतात, आणि ज्यांनी भरलं नाही त्यांनाही दिसतं की उत्तर दिल्याने काही घडतं. फक्त आभाराची ओळ ‘उत्तरे दिलेल्या सर्वांचे’ अशी ठेवा, ‘तुम्ही दिलेल्या उत्तराबद्दल’ अशी नको. ज्याने काहीच भरलं नाही त्याचे आभार मानले की निरोप यंत्राने पाठवल्यासारखा वाटतो. जे सभासद ईमेल फारसे उघडत नाहीत, त्यांच्यासाठी तोच मजकूर वाचनालयाच्या फलकावर लावा.

पत्ते कधीही ‘प्रति’ किंवा ‘सीसी’मध्ये टाकू नका. ‘बीसीसी’ वापरा किंवा प्रत्येकाला स्वतंत्र ईमेल जाईल अशी सोय वापरा. आभाराच्या ईमेलमध्ये बाराशे जणांचे पत्ते एकमेकांना दाखवणं ही एका क्लिकची चूक आहे आणि ती परत घेता येत नाही. निरोप मजकूर म्हणून पाठवा, चित्र म्हणून नको. चित्रातलं फोनवर वाचवत नाही आणि अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरला ते ऐकवता येत नाही. आधी स्वतःला आणि आणखी एकाला पाठवून फोनवर वाचा.

आणि या ईमेलमध्ये नवं सर्वेक्षण, वर्गणीची आठवण किंवा कार्यक्रमाची जाहिरात घालू नका. ‘एवढं सगळ्यांना जातंच आहे तर...’ असं म्हणणारं कुणीतरी प्रत्येक बैठकीत असतं. त्या व्यक्तीला दुसरी तारीख द्या.

तपासा: उत्तरं ज्या पत्त्यावर येतील तो कुणी उघडतं का? ‘उत्तर देऊन कळवा’ असं लिहून ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’ अशा खात्यावरून ईमेल गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणाऱ्या उत्तरांसाठी एका माणसाचा वेळ राखून ठेवा.

## टप्पा ७: दिलेल्या तारखांना

वरच्या निरोपात पाच तारखा अशा आहेत, ज्यांना काहीतरी सुरू व्हायचं, पूर्ण व्हायचं किंवा कळवायचं आहे: १ जुलै, १५ जुलै, ऑगस्टअखेर, ३१ ऑगस्ट, १५ ऑक्टोबर. पाठवल्याच दिवशी त्या कॅलेंडरमध्ये घाला, प्रत्येकीपुढे जबाबदार व्यक्तीचं नाव लिहा आणि आठवण आठवडाभर आधीची लावा. तारखेच्याच दिवशी आठवण आली तर करायला काही उरत नाही.

काम झालं की दोन ओळी पुरतात. काम रखडलं तर तारीख उलटण्याआधी कळवा, आणि तिथेही तीच शिस्त: काय रखडलं, का, नवी तारीख कोणती, तोवर काय करायचं.

> ऑनलाइन फॉर्ममधील बदल १५ जुलैपासून सुरू होईल असे आम्ही कळवले होते. चाचणीत काही सभासदांना दुसऱ्याच्या राखीव पुस्तकांची यादी दिसत असल्याचे आढळले, म्हणून तो थांबवला आहे. दुरुस्तीनंतर १२ ऑगस्टपासून सुरू करू. तोवर पूर्वीप्रमाणे सभासद क्रमांक टाकावा लागेल. फोनवरूनही पुस्तक राखून ठेवता येईल.

तीन महिन्यांच्या प्रयोगाचा निकाल कळवताना पुन्हा आकडा द्या आणि तो ज्या कसोटीवर ठरवायचा म्हणून सांगितलं होतं त्याच कसोटीचा द्या. ‘किती जण येतात ते पाहून’ असं लिहिलं होतं, तर ७ नंतर सरासरी किती जण आले ते सांगा. येणारे फार कमी निघाले आणि वेळ पूर्ववत करायची ठरली, तरी तो आकडा लपवू नका. आणि ज्या १८७ जणांनी वेळ वाढवा म्हटलं होतं त्यांतले बरेच आले नाहीत, म्हणून त्यांना टोमणा मारू नका. वेळ हवी असणं आणि मंगळवारी-गुरुवारीच येता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या सर्वेक्षणात विचारायचा प्रश्न हाच: कोणते दिवस?